हायपो मुळाच्या बाहेर गेलं तेव्हा: वरच्या उपदाढेचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याच क्लिनिकमधलं आहे आणि हायपोची, म्हणजे रूट कॅनल करताना दात आतून धुवायच्या औषधाची, सिरिंज माझ्याच हातात होती. पेशंटची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. दातांच्या डॉक्टरांसाठी लिहिलंय पण ज्यांचं रूट कॅनल चालू आहे त्यांनाही वाचता येईल असं ठेवलंय. त्या दिवसानंतर मी हे ज्या ज्या डॉक्टरला सांगितलं त्या प्रत्येकाने आधी एकच विचारलं, "किती टक्के होतं?" मला वाटतं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न सुई कुठे होती हा. पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं.

पार्श्वभूमी

पेशंट म्हणजे चव्वेचाळीस वर्षांच्या ताई, तालुक्याच्या बाजारात भाजीचा गाळा. डावीकडची वरची दुसरी उपदाढ कधीतरी किडून आतली नस मेलेली होती, चावताना ठणका, आणि आरव्हीजीमध्ये, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेमध्ये, मुळाच्या टोकाशी वाटाण्यापेक्षा जरा लहान अशी काळी सावली. शुगर नाही, बीपी नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत, कशाची अ‍ॅलर्जी नाही. मूळ एकच, कॅनलही एकच.

पहिल्या सिटिंगला दात उघडला, अपेक्स लोकेटरवर, म्हणजे मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्रावर, लांबी २० मिमी आली, बाहेरच्या कस्पच्या, म्हणजे चावायच्या बाजूच्या उंचवट्याच्या, टोकापासून मोजलेली. थोडी साफसफाई, आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध, वर टेम्पररी फिलिंग. आणि ताईंना चावताना दुखत होतं म्हणून जाता जाता तोच कस्प मी साधारण १ मिमी घासून कमी केला. रोजचंच काम आहे, घासताना काहीही वाटलं नाही. केसपेपरवर मात्र लांबी २०च राहिली.

आता हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट कशाला वापरतो ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय पुढची चूक कळणार नाही. फाइल, म्हणजे कॅनल घासायची बारीक कानस, कॅनलच्या सगळ्या भिंतींना लागत नाही, कॅनल गोल नसतो, कुठे चपटा कुठे फाटे फुटलेले, त्यामुळे खूप भाग फाइलने अस्पर्शच राहतो. तिथलं मेलेलं टिश्यू आणि जंतूंचा थर विरघळवायचं काम द्रवाला करायला लागतं, आणि जंतू मारणं व टिश्यू विरघळवणं ही दोन्ही कामं एकत्र करणारा हायपोसारखा दुसरा द्रव आपल्याकडे नाही. क्लोरहेक्सिडिन जंतू मारतं पण टिश्यू विरघळवत नाही. ईडीटीए भिंतीवरचा खनिजाचा थर काढतं, बाकी काही नाही. म्हणून हायपो लागतोच. पण त्याला मेलेलं टिश्यू आणि जिवंत टिश्यू यातला फरक कळत नाही. कॅनलच्या आत तो जे करतो तेच बाहेर गेला तर गालात करतो.

काय झालं

दुसरी सिटिंग दहा दिवसांनी. रबर डॅमचा, म्हणजे दात वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा, क्लॅम्प लागतो म्हणून बधिर करायला थोडं लिग्नोकेन दिलं, डॅम लावला, टेम्पररी काढली, फाइल्स चालवल्या. शेवटची २५ नंबर, ४ टक्के टेपर, लांबी केसपेपरवरची २०. फाइल बाहेर काढली तेव्हा टोकाच्या खाचेत लाल रेघ होती. मेलेल्या नसेच्या दातात रक्त यायला नको. मी ती गॉझला पुसली आणि पुढे गेले, मनात एवढंच आलं की आत थोडं टिश्यू राहिलं असेल. खरं तर त्या रेघेनेच सांगितलं होतं की फाइल मुळाच्या बाहेर जाऊन आलीय. कस्प १ मिमी कमी झालेला, म्हणजे खरी लांबी १९ आणि मी २० पर्यंत गेले. बाहेरचं तोंड मीच मोठं केलं होतं.

मग धुवायची वेळ आली. साइड-व्हेंटच्या, म्हणजे टोक बंद आणि बाजूला भोक असलेल्या, ३० गेजच्या बारीक सुया संपल्या होत्या, ऑर्डर यायची होती. असिस्टंटने विचारलं, "मॅडम, साधी लावू का?" मी हो म्हटलं. २६ गेजची, टोकाला उघडी, इंजेक्शनची साधी सुई, २ मिलिची सिरिंज, आत बाटलीतून तसाच काढलेला ५ टक्के हायपो. सुईवर रबर स्टॉपर १७ मिमीला लावला, म्हणजे माझ्या हिशोबाने टोकापासून ३ मिमी आधी थांबणार. सुई आत घातली आणि स्टॉपर कस्पला टेकायच्या आधीच, दोनेक मिमी वर असताना, सुई थांबली. आता डोळ्यासमोर आणलं की तो निळा स्टॉपर हवेत लटकलेला मला स्पष्ट दिसतो. तेव्हाही दिसला होता, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

प्लंजर जड गेला. अंगठ्याने जरा जोर लावला. आणि मग एकदम हलका झाला, जसं काही समोरची अडचण निघून गेली.

ताईंनी माझं मनगट धरलं. डॅममुळे बोलता येत नव्हतं, घशातून आवाज काढला आणि दुसरा हात डोळ्याखाली नेला. मी सुई काढली, आणि कॅनलमधून रक्त वर आलं, थेंब थेंब नाही, चेंबर, म्हणजे दाताची वरची पोकळी, भरेल एवढं. डॅम काढला तर पहिलं वाक्य, "मॅडम, डोळ्याखाली आग आग होतेय, कायतरी उकळतं घातल्यासारखं." त्या बोलत असतानाच गाल भरायला लागला होता. नाकाच्या बाजूची घडी दोन-तीन मिनिटांत गेली.

सुईचा हिशोब

त्या रात्री घरी बसून मी हा हिशोब केला, आधी करायला हवा होता. २५ नंबर ४ टक्के फाइल म्हणजे टोकाला ०.२५ मिमी आणि तिथून मागे दर मिमीला ०.०४ ने जाड, कॅनलही साधारण तसाच तयार होतो. २६ गेजची सुई बाहेरून साधारण ०.४६ मिमी. म्हणजे ०.२१ चा फरक भरून यायला टोकापासून पाच मिमीहून थोडं जास्त मागे यायला लागतं. सुई तिथेच अडकणार, आणि तिथेच अडकली, म्हणून स्टॉपर दोन मिमी वर लटकला. सुई भिंतींना घट्ट बसली की द्रवाला परत वर यायला वाट राहत नाही, उरते ती फक्त पुढची वाट, आणि पुढे मीच मोठं केलेलं तोंड.

आता हेच ३० गेज सुईचं बघा. बाहेरून साधारण ०.३१ मिमी. त्याच कॅनलमध्ये टोकापासून ३ मिमीवर जागा ०.३७ ची, म्हणजे सुई सैल राहते. २ मिमीवर जागा ०.३३, म्हणजे जेमतेम, तिथे मी आता जात नाही. आणि ३० नंबर ४ टक्केपर्यंत कॅनल केला तर २ मिमीवर ०.३८ मिळतात. म्हणून सुई किती खोल न्यायची हे शेवटची फाइल कोणती झाली यावर ठरतं, "२ मिमी आधी" हा नुसता पाठ केलेला आकडा कामाचा नाही.

सिरिंजचंही तसंच आहे. बारीक सिरिंजमध्ये त्याच अंगठ्याच्या जोराने आत जास्त दाब तयार होतो, २ मिलिची सिरिंज त्यामुळे वाईट. अंगठ्यात किती ताकद असते हे आपल्याला स्वतःला कळत नाही, तर्जनीने दाबलं तर आपोआप कमी जोर लागतो. वरच्या उपदाढांच्या आसपास गालाच्या शिरा आहेत आणि शिरेतला दाब मुळात फार कमी असतो, त्यामुळे बाहेर पडलेल्या द्रवाला तिथे शिरायला फार जोर लागत नाही. सूज डोळ्याखाली आणि ओठाकडे इतक्या झटक्यात का पसरते, आणि सुईपासून इतक्या लांब का दिसते, याचं हे एक पटण्यासारखं स्पष्टीकरण आहे.

त्या क्षणी काय पर्याय होते

आधी हे नक्की काय आहे ते ठरवायला लागलं, आणि ते दोन मिनिटांत. अ‍ॅलर्जी असती तर अंगावर गांधी, खाज, कदाचित श्वासाचा त्रास, आणि एकाच गालात एवढी जळजळ नाही. एअर सिरिंजने गालात हवा गेली तर सूज अशीच झटकन येते पण बोटाने दाबलं की खाली चुरचुर लागते आणि एवढं दुखत नाही. मी दाबून बघितलं, चुरचुर नव्हती. नेहमीचा फ्लेअर-अप, म्हणजे उपचारानंतर उसळणारं दुखणं आणि सूज, काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी येतो, मिनिटांत नाही. धुताना अचानक आग, मिनिटांत सूज, कॅनलमधून भळाभळा रक्त, हे तिन्ही एकत्र म्हणजे हायपो बाहेर गेलंय. सायनसमध्ये गेलं असेल का म्हणून विचारलं, "ताई, घशात क्लोरीनसारखी चव येतेय का, नाकातून काही येतंय का?" नाही म्हणाल्या.

मग समोर तीन वाटा होत्या. एक, लगेच जिल्ह्याच्या हॉस्पिटलला पाठवणं. दोन, दात काढून टाकणं म्हणजे खालून वाट मोकळी होईल. तीन, इथेच सांभाळणं आणि लक्ष ठेवणं. दात काढणं मी लगेच बाजूला ठेवलं, सुजलेल्या, रक्ताळलेल्या टिश्यूत अजून एक जखम करून हायपो परत येत नाही. हॉस्पिटलचं मात्र खरंच डोक्यात होतं. मी ओळखीच्या मॅक्सिलोफेशियल सर्जनला फोन लावला, त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: श्वास ठीक आहे का, गिळता येतंय का, सूज मानेकडे किंवा जिभेखाली उतरतेय का. तिन्हीला ठीक उत्तर होतं. नजर बघायला सांगितलं, दोन्ही डोळ्यांनी बोटं मोजता येत होती, डोळा सगळीकडे फिरत होता. ते म्हणाले दोन तास समोर बसवून ठेव, यातलं एक जरी बदललं तर वाट बघू नकोस, पाठव.

काय केलं

सगळ्यात आधी थांबले. हे लिहायला सोपं आहे, पण हातातलं काम पुरं करायची सवय असते, "आता धुतोच आहोत तर" असं हात म्हणतो. रक्त येऊ दिलं, दाबून बंद केलं नाही, कारण ते बाहेर येताना थोडंफार हायपोही घेऊन येतं. चेंबरमध्ये सलाइन सोडलं, अगदी वरच्या वर, दाब न देता, आणि सक्शनने ओढून घेतलं. कॅनलच्या खोलात सलाइन ढकलायचं नाही, त्याने आधीचंच अजून पुढे जातं.

दुखणं फार होतं. सुजेच्या बाहेरून लिग्नोकेनचा ब्लॉक दिला, थोडा आराम पडला, पूर्ण नाही, हे टिश्यू जळलेलं दुखणं आहे, दाताचं नाही. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दिलं. बर्फाची पिशवी रुमालात गुंडाळून गालावर, पंधरा मिनिटं ठेवायची पंधरा मिनिटं काढायची.

स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक या दोन गोष्टींवर मी अडले होते. सूज डोळ्याकडे जातेय आणि शुगर नाही म्हणून सर्जनने डेक्सामेथासोनचं एक इंजेक्शन द्यायला सांगितलं, ते दिलं. अँटिबायोटिक नुसत्या रासायनिक जळण्याला लागत नाही, पण इथे मुळाच्या टोकाशी आधीपासून इन्फेक्शन होतं आणि आता त्याच्या शेजारी मेलेलं टिश्यू आणि साठलेलं रक्त, म्हणून अमॉक्सिसिलिन पाच दिवस. दुसरा डॉक्टर इथे वेगळा निर्णय घेईल आणि तो चूक असेल असं मी म्हणणार नाही, या बाबतीत सगळं ज्ञान एकेका केसच्या अनुभवावरच उभं आहे.

चाळीसेक मिनिटांनी रक्त थांबलं. कोरडा कापसाचा बोळा ठेवून वरून हलकी टेम्पररी लावली, आत औषध काही नाही.

आणि सांगणं. ताईंचे मिस्टर बाहेर बसले होते, त्यांना आत घेतलं. मी म्हटलं, "दादा, दात धुवायचं औषध मुळाच्या बाहेर गालात गेलंय. हे माझ्या हातून झालंय. उद्या सकाळी चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल, काळानिळा होईल, घाबरू नका, पण श्वास लागला, गिळता येईना, नजर धूसर झाली किंवा ताप आला तर कितीही वाजले तरी मला फोन करा आणि सरळ हॉस्पिटलला जा." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "डोळ्याला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, आत्ता डोळा ठीक आहे, रात्री दोनदा मी स्वतः फोन करते. केले. कागदावर सगळं वेळेसकट लिहिलं, फोटो काढले, रोज काढायचं ठरवलं.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्याची फट अर्धी बंद, खालच्या पापणीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जांभळं. आधी सांगितलं होतं म्हणून घरचे टिकले, नाहीतर तो चेहरा बघून कोणीही हादरेल. दुसऱ्या दिवसापासून बर्फ बंद, कोमट शेक आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तिसऱ्या दिवशी काळं खाली जबड्याकडे उतरलं, ते नवीन नसतं, साठलेलं रक्त खाली उतरतं. चौथ्या दिवशी दुखणं बरंच कमी. आठव्या दिवशी पिवळं. बाराव्या दिवशी ताई परत गाळ्यावर बसल्या. बारा दिवसांचा धंदा बुडाला. पुढच्या उपचाराचे आणि तपासण्यांचे पैसे मी घेतले नाहीत, बुडालेल्या दिवसांचं आमचं आपसात ठरलं.

वरच्या ओठाचा डावा भाग आणि नाकपुडीची बाजू बधिर होती. दर आठवड्याला कापसाच्या टोकाने आणि बोथट पिनने तपासून कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून बधिर भाग रंगवत गेले, म्हणजे कमी होतोय की नाही हे अंदाजाने नाही, डोळ्याने कळतं. सहा आठवड्यांत भाग खूप आकसला.

दात पुरा करताना किती टक्के

चार आठवड्यांनी प्रश्न आला की आता दाताचं काय. त्याआधी जिल्ह्याला सीबीसीटी, म्हणजे दाता-जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढून आणला आणि त्यात तिसरं कारण दिसलं: मुळाच्या टोकाशी गालाकडच्या बाजूला हाडच नव्हतं, टोक सरळ मऊ टिश्यूत उघडं. साध्या आरव्हीजीत हे दिसत नाही कारण तो समोरून काढलेला सपाट फोटो. वरच्या दातांना गालाकडचं हाड मुळात पातळ, त्यामुळे असं असणं काही फार दुर्मिळ नाही. प्रत्येक दाताचा सीबीसीटी काढा असं मी म्हणत नाही, पण वरच्या दातात बाहेर हाड नाही असंच धरून सुई घालायची, हे मी म्हणते.

टक्क्यांचा प्रश्न इथे खरा आला. पर्याय असे: हायपो सोडून क्लोरहेक्सिडिन, किंवा १ टक्का हायपो, किंवा ३, किंवा परत ५. ताई म्हणाल्या, "तेच पाणी परत नको." समजण्यासारखं आहे. पण मुळाशी सावली आहे, इन्फेक्शन आहे, टिश्यू न विरघळवणाऱ्या द्रवावर दात पुरा करून दोन वर्षांनी परत सुजला तर तेही माझंच. बसून सांगितलं, की द्रव तोच पण पाचपट पातळ, सुई वेगळी, आणि मी कुठे थांबते ते तुम्हाला आरशात दाखवते.

जास्त टक्क्यांचा फायदा खरा आहे, टिश्यू लवकर विरघळतं. पण हायपोची ताकद आत गेल्यावर वापरून संपते, टिश्यूशी भिडला की मोकळं क्लोरीन खर्च होतं आणि उरतं ते जवळजवळ नुसतं खारं पाणी. त्यामुळे ५ टक्के एकदा भरून ठेवण्यापेक्षा १ टक्का पुन्हा पुन्हा ताजा सोडणं वाईट नाही, फक्त मात्रा आणि वेळ जास्त द्यायला लागतो, आणि तिथेच घाईचं क्लिनिक चुकतं. २०१९ मध्ये रोहतकहून छापून आलेल्या एका अभ्यासात खालच्या दाढांवर १ टक्का आणि ५ टक्के अशी थेट तुलना केली होती, वर्षभराने मुळाशी हाड भरून येण्यात म्हणण्यासारखा फरक सिद्ध झाला नाही. पातळ हायपोचा इतिहासही जुना आहे, पहिल्या महायुद्धात हेन्री डाकिन यांनी सैनिकांच्या जखमा धुवायला जे द्रावण बनवलं ते साधारण अर्ध्या टक्क्याचं होतं, उघड्या जखमेला तेवढंच सोसतं म्हणून.

पण १ टक्का म्हणजे सुरक्षित असं कोणी समजू नये. अडकलेल्या सुईतून दाबून १ टक्का गालात घातला तरी सूज येते, दुखतं, काळंनिळं होतं. टक्के कमी केल्याने नुकसानाचा आकार कमी होतो, अपघात व्हायची शक्यता नाही. ती सुई, लांबी आणि बोट यांनीच कमी होते.

५ टक्क्यांचा १ टक्का करायला एक भाग हायपो आणि चार भाग डिस्टिल्ड वॉटर, ३ टक्क्यांना तीन भाग हायपो आणि दोन भाग पाणी. त्याच दिवशी करायचा, संध्याकाळी उरलेला फेकायचा. बाटली गडद रंगाची, उन्हापासून लांब, उघडल्याची तारीख वर लिहिलेली, कारण उन्हाळ्यात खिडकीशी महिनोन्‌महिने उघडलेल्या बाटलीत ५ टक्के लिहिलेलं असलं तरी आत किती उरलंय देव जाणे. त्या बाटलीतून पातळ केलेला १ टक्का खरं तर अर्धाही नसेल, आणि मग पातळ हायपोच कामाचा नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शेवटची सिटिंग

लांबी परत नव्याने घेतली, आधी लोकेटर, मग फाइल आत ठेवून आरव्हीजी, १९ आली. काम १८.५ ला थांबवलं आणि तिथे ३५ नंबरपर्यंत नेलं म्हणजे टोकाशी एक पायरी तयार झाली, पुढचं फाटलेलं तोंड तिच्या पलीकडे. सुई ३० गेज साइड-व्हेंट, ५ मिलिची, फिरवून घट्ट बसणारी सिरिंज. स्टॉपर १५.५ ला. आधी कोरड्या कॅनलमध्ये सुई घालून बघितली की स्टॉपर कस्पला टेकतो आणि तरीही सुई गोल फिरते, वरखाली होते. मग हायपो, तर्जनीने, साधारण पंधरा सेकंदांना १ मिलि, सुई सतत मिमी-दोन मिमी वरखाली हलती ठेवून. द्रव वर परत येताना चेंबरमध्ये दिसला पाहिजे. सक्शन शेजारीच. वर येणारा द्रव थांबला की बोट उचलायचं, कारण शोधायचं नाही, आधी बोट उचलायचं. एकूण वीसेक मिलि गेला. मग मिनिटभर १७ टक्के ईडीटीए, सलाइन, कोरडं, आणि भरलं. हायपोनंतर क्लोरहेक्सिडिन वापरलं नाही, दोन्ही भेटले की नारिंगी-तपकिरी गाळ बसतो आणि तो कॅनलमध्ये राहतो.

ताई पूर्ण वेळ हातात आरसा धरून बसल्या होत्या. डॅमच्या मागून बघता येण्यासारखं काही नव्हतं, पण आरसा सोडला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सुया संपल्या होत्या तेव्हा सिटिंग पुढे ढकलायची होती. कॅल्शियम हायड्रॉक्साइड परत भरून ताईंना आठवड्याने बोलावलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. असिस्टंटने विचारलं तो खरा निर्णयाचा क्षण होता, नंतरचे सगळे निर्णय नुकसान आवरायचे. आता ट्रॉलीत साधी उघड्या टोकाची सुई ठेवायचीच नाही असं केलंय, म्हणजे "साधी लावू का" हा प्रश्नच येत नाही.

कस्प घासला तर केसपेपरवरची लांबी तिथल्या तिथे खोडायची, आणि दर सिटिंगला लोकेटर परत लावायचा. मेलेल्या दातात फाइलवर किंवा पेपर पॉइंटवर, म्हणजे कॅनल कोरडा करायच्या कागदी काडीवर, रक्त दिसलं तर धुवायचं नाही, आधी लांबी तपासायची. स्टॉपर हवेत लटकला तर सुई बाहेर.

आणि एक गोष्ट या केसमध्ये झाली नाही पण त्या रात्री ट्रॉली आवरताना अंगावर काटा आला. लिग्नोकेन आणि हायपो दोन्ही एकसारख्या दिसणाऱ्या सिरिंजमध्ये भरून एकाच ट्रेमध्ये ठेवलेले होते. बधिर करायच्या ऐवजी हायपो टोचला जाण्याचे अपघात नोंदलेले आहेत. आता हायपोच्या सिरिंजला पिवळी टेप, वेगळा ट्रे, आणि असिस्टंट हातात देताना मोठ्याने नाव घेते.

वर्षानंतर

वर्षभराने ताई आल्या. आरव्हीजीमध्ये सावली बरीच भरलेली, दात न दुखता चावतोय. चेहऱ्यावर काही दिसत नाही. ओठाच्या वर, नाकपुडीच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत थंडीच्या सकाळी भाजीवर पाणी मारताना शिंतोडे उडाले की "दुसऱ्याच कोणाच्या गालावर पडल्यासारखं" वाटतं म्हणाल्या. मी जुनी चित्रं काढली, त्यांनी बोटाने जागा दाखवली आणि तेवढा गोल नवीन चित्रावर रंगवून तारीख टाकली.